क्लॉकच्या एका ठोक्यात आधी कोण?

आजची डिजिटल चिप मजकुरातून जन्माला येते. कोणत्या क्षणी कोणत्या तारेवर काय यावे, हे अभियंता एका भाषेत लिहितो आणि त्यावरून सर्किट तयार होते. व्हेरिलॉग ही अशीच एक भाषा. 1980 च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतील गेटवे डिझाइन ऑटोमेशन या कंपनीत फिल मूर्बी यांनी ती घडवली आणि 1995 मध्ये तिला आयईईई 1364 हे मानक मिळाले.

व्हेरिलॉगचा मजकूर दोन वेगळी सॉफ्टवेअर वाचतात. सिम्युलेटर तो संगणकावर चालवून सर्किट कसे वागेल ते दाखवतो. सिंथेसिसचे सॉफ्टवेअर त्याच मजकुरातून खरे गेट आणि फ्लिप-फ्लॉप उभे करते. दोघांनी मजकुराचा एकच अर्थ लावावा, एवढ्या भरवशावर चिपचा सगळा कारभार चालतो. किंमत भरण्याची दोन चिन्हे, `=` आणि `<=`, चुकीच्या जागी पडली की हाच भरवसा तुटतो. पहिल्या चिन्हाला ब्लॉकिंग असाइनमेंट म्हणतात, दुसऱ्याला नॉन-ब्लॉकिंग.

फ्लिप-फ्लॉप म्हणजे एक बिट धरून ठेवणारा घटक. क्लॉकचा ठोका पडला की तो समोरची किंमत उचलतो आणि पुढच्या ठोक्यापर्यंत जपतो. असे दोन एकामागे एक जोडले की बिट दर ठोक्याला एक घर पुढे सरकतो. स्लॅब टाकताना घमेली हातोहात पुढे देणारी रांग असते, तसेच हे. इशारा झाला की सगळे एकदम हलतात आणि प्रत्येकाच्या हाती येते ते शेजाऱ्याकडे इशाऱ्यापूर्वी असलेले घमेले.

हीच रांग नवशिका बहुतेक वेळा अशी लिहितो:

```verilog
always @(posedge clk) q1 = d;
always @(posedge clk) q2 = q1;
```

क्लॉकचे ठोके 10, 20, 30 नॅनोसेकंदांना पडतात असे धरू. सुरुवातीला `q1` आणि `q2` दोन्ही 0 आहेत आणि 7 नॅनोसेकंदांना `d` हा 1 झाला. खऱ्या सर्किटमध्ये 10 वाजता `q1` 1 होईल आणि 20 वाजता `q2`.

सिम्युलेटरपुढे मात्र 10 वाजता दोन ओळी एकाच वेळी जाग्या होतात. संगणक त्या एकामागून एकच चालवणार, आणि आधी कोणती चालवायची याचा क्रम मानकाने ठरवून दिलेला नाही. ब्लॉकिंग असाइनमेंटमध्ये किंमत जागच्या जागी बदलते. पहिली ओळ आधी चालली तर `q1` लगेच 1 होतो, दुसरी ओळ तोच नवा 1 वाचते आणि 10 वाजताच `q2` सुद्धा 1 होतो. दुसरी ओळ आधी चालली तर `q2` 0 राहतो आणि उत्तर बरोबर येते. म्हणजे सर्किटचे वागणे सिम्युलेटरच्या अंतर्गत क्रमावर टांगले गेले. या दोषाला रेस म्हणतात.

सिंथेसिस या क्रमाकडे पाहत नाही. ते दोन फ्लिप-फ्लॉप उभे करते, म्हणून बिटाला दोन ठोके लागतात. सिम्युलेशनमध्ये तो एकाच ठोक्यात पोहोचत असेल, तर अभियंता डेटासोबत जाणारा `valid` सिग्नलही त्याच हिशेबाने एक ठोका आधी उठवतो. संगणकावर सगळ्या चाचण्या पार पडतात. प्रत्यक्ष सर्किटमध्ये मात्र `valid` वर येतो तेव्हा समोर आधीचाच, शिळा डेटा असतो.

नॉन-ब्लॉकिंग असाइनमेंट हे काम दोन टप्प्यांत करते. `q1 <= d` या ओळीत उजव्या बाजूची किंमत लगेच काढली जाते, पण `q1` मध्ये ती लगेच भरली जात नाही, रांगेत ठेवली जाते. त्या क्षणी जाग्या झालेल्या सगळ्या ओळी चालून संपल्या की मगच रांगेतल्या किमती भरल्या जातात. तोपर्यंत कोणीही वाचले तरी जुनीच किंमत मिळते. ओळी कोणत्याही क्रमाने चालोत, उत्तर एकच येते आणि ते हार्डवेअरशी जुळते.

खरी फसगत होते ती दोन्ही चिन्हे मिसळल्यावर. समजा कोणी फक्त दुसरी ओळ सुधारली:

```verilog
always @(posedge clk) q1 = d;
always @(posedge clk) q2 <= q1;
```

पाहणाऱ्याला वाटते, `q2` आता सुरक्षित झाला. तसे होत नाही. `q2` मध्ये किंमत उशिरा भरली जाते हे खरे, पण `q1` वाचला जातो तो लगेच. पहिली ओळ आधी चालून गेली असेल तर वाचलेली किंमत नवीच असते. रेस जशीच्या तशी राहते. उलट पहिल्या ओळीत `<=` आणि दुसरीत `=` असते, तर `q2` ला `q1` ची जुनीच किंमत मिळाली असती. धोका `q2` वाचणाऱ्या पुढच्या ओळीला झाला असता. वाचणाऱ्याचे रक्षण वाचणाऱ्याच्या चिन्हाने होत नाही, लिहिणाऱ्याच्या चिन्हाने होते. ही एक गोष्ट पक्की समजली की रेस कुठे लपली असेल ते शोधता येते.

टेस्टबेंचमध्येही हेच घडते. चाचणीचा कोड क्लॉकच्या ठोक्यावरच `d = 1` असे लिहीत असेल, तर डिझाइन कितीही निर्दोष असले तरी ते जुना `d` वाचेल की नवा, हे सांगता येत नाही. तिथेही `<=` वापरावे किंवा `d` क्लॉकच्या उतरत्या कडेवर बदलावा.

मग सगळीकडे `<=` लिहून मोकळे व्हावे का? नाही. ज्या भागात क्लॉक नाही, नुसते गेट आहेत, तिथे `=` च हवे:

```verilog
always @(a or b or c) begin
  t = a & b;
  y = t | c;
end
```

इथे `<=` टाकले तर `y` काढताना `t` ची जुनी किंमत वापरली जाईल. `t` बदलल्यावर हा भाग पुन्हा जागाही होणार नाही, कारण कंसातल्या यादीत `t` नाही. सिम्युलेशनमध्ये `y` मागे पडेल आणि हार्डवेअरमधले गेट मात्र बरोबर उत्तर देतील.

रेसची लक्षणे ओळखता येतात. फायलींचा क्रम बदलल्यावर किंवा दुसरा सिम्युलेटर वापरल्यावर निकाल एका ठोक्याने सरकला, किंवा सिंथेसिसनंतरचे सिम्युलेशन आधीच्याशी जुळले नाही, तर पहिला संशय इथेच घ्यावा. पण एकाच सिम्युलेटरवर चाचणी पार पडली म्हणून रेस नाही असे ठरत नाही, कारण तो दर वेळी तोच क्रम पाळत असू शकतो. म्हणून मजकूर तपासणारी साधने कामी येतात. व्हेरिलेटर हे मुक्त सॉफ्टवेअर त्यांपैकी एक:

```
verilator --lint-only -Wall top.v
```

क्लॉकच्या भागात `=` दिसले तर ते `BLKSEQ` असा इशारा देते. नुसत्या गेटांच्या भागात `<=` दिसले तर `COMBDLY`, आणि एकाच सिग्नलला दोन्ही चिन्हांनी लिहिले असेल तर `BLKANDNBLK`. हे इशारे बंद करून पुढे जाण्याचा मोह टाळावा. इशारा आलेल्या प्रत्येक सिग्नलपाशी थांबून पाहावे, की तो क्लॉकच्या ठोक्यावर कोण लिहितो आणि त्याच ठोक्यावर दुसरे कोणी तो वाचते का. वाचत असेल, तर लिहिणाऱ्या ओळीत `<=` हवे.