सोलापूरचं ऊन आणि न्यूजर्सीचं घड्याळ

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३ अंशांवर जातो. वापरातलं इन्सुलिन साधारण २५ ते ३० अंशांपर्यंतच चार आठवडे टिकतं. म्हणून परदेशी निघताना मुंबईच्या विमानतळापर्यंतच्या प्रवासात इन्सुलिनचं पेन पाण्यात भिजवलेल्या थंड पाऊचमध्ये ठेवावं. माठासारखंच पाणी उडतं आणि आतली उष्णता घेऊन जातं. सोलापूरच्या कोरड्या हवेत हे छान चालतं, मुंबईच्या दमट हवेत कमी. बर्फाला मात्र पेन टेकवू नये. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी निकामीच. गोठण्याच्या याच भीतीने ते विमानात चेक-इन सामानात न टाकता हातातल्या बॅगेत ठेवायचं.

आता घड्याळ. समजा, मुलीकडे न्यूजर्सीला निघालेल्या काकू रोज रात्री १० वाजता ग्लार्जिन घेतात. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ साडेनऊ तास मागे, म्हणजे आपले रात्रीचे १० तिथे दुपारचे साडेबारा. तिथल्या रात्री दहापर्यंत थांबल्यास दोन डोसांत साडेतेहतीस तासांचं अंतर पडतं आणि साखर चढते. त्यामुळे पहिला डोस साडेबारालाच, मग रोज दोन-अडीच तास पुढे: ३, साडेपाच, ८, शेवटी १०. जेवणाआधीचं इन्सुलिन जेवणाबरोबरच. परतीच्या वाटेवर दिवस आखूडतो, डोस जवळ आले तर साखर घसरते. हे वेळापत्रक निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्यावं.

डोस नेहमीचा, जेवण नेहमीचं, तरी साखर सतत चढती? मग पेन बदला. उन्हाने बिघडलेलं इन्सुलिन दिसायला स्वच्छही असू शकतं.