‘ओ’ रक्त सगळ्यांना चालतंच असं नाही

‘ओ’ गटाचं रक्त कुणालाही चालतं, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. या समजाला मुंबईतच तडा गेला. 1952 मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तीन व्यक्तींच्या रक्ताची माहिती प्रसिद्ध केली. नेहमीच्या तपासणीत या तिघांचा गट ‘ओ’च दिसत होता, पण त्यांच्या रक्तातला द्रवभाग इतरांच्या ‘ओ’ पेशींच्याही गुठळ्या करत होता. या गटाला पुढे ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ हे नाव मिळालं. रक्त देताना पिशवीवरच्या अक्षरापेक्षा घेणाऱ्याच्या रक्तात कोणती प्रतिपिंडं तयार आहेत हे महत्त्वाचं असतं. म्हणूनच देणाऱ्याच्या पेशी घेणाऱ्याच्या रक्तद्रवात मिसळून पाहणारी क्रॉसमॅच ही रक्त देण्याआधीची खरी परीक्षा आहे.

ही प्रतिपिंडं येतात कुठून? लाल पेशींच्या पृष्ठभागावर ‘एच’ नावाची साखरेची एक रचना असते. तिला एक विशिष्ट साखर जोडली गेली की ‘ए’ तयार होतो, दुसरी जोडली गेली की ‘बी’. काहीच जोडलं गेलं नाही तर नुसता ‘एच’ उरतो, आणि तोच आपला ‘ओ’ गट. आतड्यातल्या जिवाणूंच्या अंगावरही ‘ए’ आणि ‘बी’सारख्या रचना असतात. त्यामुळे जी रचना बाळाच्या स्वतःच्या पेशींवर नाही, तिच्याविरुद्धची प्रतिपिंडं जन्मानंतरच्या काही महिन्यांतच तयार होऊ लागतात. परकं रक्त कधीही न घेतलेल्या माणसाच्या अंगातही ती असतात, म्हणून त्यांना नैसर्गिक म्हणतात. बॉम्बे गटात मूळ ‘एच’च नसतो. साहजिकच तिथे ‘ए’ आणि ‘बी’बरोबर ‘एच’विरुद्धही प्रतिपिंडं असतात, आणि ‘एच’ सर्वांत भरपूर असतो तो ‘ओ’ पेशींवरच. शिबिरात काचपट्टीवर रक्ताचे थेंब घेऊन गट ठरवतात, तेव्हा पेशींवर ‘ए’ किंवा ‘बी’ आहे का एवढंच कळतं. बॉम्बे गटाचा माणूस तिथे ‘ओ’ ठरतो. रक्तपेढीत त्याचा रक्तद्रव ‘ओ’ पेशींबरोबर मिसळून पाहिला, तरच खरं उघड होतं.

चुकीचं रक्त चढलं तर काय होतं? प्रतिपिंडं परक्या पेशींना चिकटतात आणि रक्तातल्याच संरक्षक प्रथिनांची एक साखळी सुरू होते. ही प्रथिनं पेशींच्या आवरणाला भोकं पाडतात आणि पेशी रक्तवाहिनीतच फुटतात. बाहेर पडलेलं हिमोग्लोबिन मूत्रपिंडांना इजा करतं, रक्तदाब कोसळतो, गोठण्याची यंत्रणा बिघडते. थोडंसं रक्त गेल्यावरही थंडी-ताप, कंबरेत किंवा सुईच्या जागी वेदना, छातीत दडपण, गडद लाल लघवी अशी लक्षणं दिसू शकतात. भूल दिलेला रुग्ण तक्रार करू शकत नाही. त्याच्या बाबतीत अचानक घसरलेला रक्तदाब आणि जखमेतून न थांबणारा रक्तस्राव हीच खूण. अशा वेळी रक्त तत्काळ बंद करायचं, सलाइन चालू ठेवायचं आणि पिशवी नव्या नमुन्यासह रक्तपेढीला पाठवायची.

आरएचचं गणित वेगळं आहे. निगेटिव्ह व्यक्तीच्या अंगात आरएचच्या ‘डी’ रचनेविरुद्ध प्रतिपिंडं सहसा आधीपासून नसतात. पॉझिटिव्ह रक्त किंवा पॉझिटिव्ह बाळाच्या पेशी रक्तात आल्या, तर ती पुढे तयार होऊ शकतात. म्हणून पहिली चूक निभावून जाऊ शकते, पण पुढच्या वेळी किंवा पुढच्या गरोदरपणात ती महागात पडते. ‘मागच्या वेळी काही झालं नव्हतं’ हा दिलासा इथे खोटा ठरतो.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की अपघातात डॉक्टर क्रॉसमॅच न करताही ‘ओ’ रक्त देतातच. देतात, आणि ते योग्यच आहे, कारण रक्तस्रावाने मृत्यू समोर उभा असताना हा धोका लहान असतो. पण नमुना आधी घेतला जातो आणि जुळलेलं रक्त मिळताच ते सुरू होतं. दुसरा आक्षेप असा, की भारतात दहा हजारांत सुमारे एकाला असणाऱ्या गटासाठी एवढा खटाटोप कशाला? पण क्रॉसमॅच फक्त बॉम्बे गट पकडत नाही. पूर्वी रक्त घेतल्यामुळे किंवा बाळंतपणांमुळे तयार झालेली इतर प्रतिपिंडंही त्यात सापडतात.

मात्र क्रॉसमॅचलाही एक मर्यादा आहे. नळीवर दुसऱ्याच रुग्णाचं नाव असेल, तर तपासणी अचूक होऊनही उत्तर भलत्याच माणसाचं येतं. गटाच्या घातक चुकांमागे दुर्मीळ रक्तापेक्षा अशी अदलाबदलच अधिक असते. म्हणून नळीवर नाव रुग्णाच्या खाटेपाशीच लिहायचं, रक्त चढवण्याआधी रुग्णाला स्वतःचं पूर्ण नाव सांगायला लावायचं, ते पिशवीवरच्या नावाशी व क्रमांकाशी पडताळायचं आणि पहिली पंधरा मिनिटं शेजारी थांबून लक्ष ठेवायचं. नातेवाइकांनीही ही पडताळणी हक्काने मागावी. परिचारिकेने पुन्हा नाव विचारलं, तर ते रुग्णाच्या जिवाचंच रक्षण आहे.