चित्रातला योद्धा की पुरोहित?

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळातलं एक पात्र समोर आहे असं समजा: बुटकी, रुंद खांद्यांची, वेणी घातलेल्या दाढीची व्यक्ती. अंगात साखळ्यांचं चिलखत, एका हातात ढाल, दुसऱ्यात गदा.

वंश आधी ठरवावा. नुसती उंची फसवते, कारण चित्रात शेजारी कुणी नसतं. प्रमाण पाहा. ड्वार्फ साधारण चार-साडेचार फुटांचा, पण छाती आणि मनगटं धिप्पाड माणसासारखी. हाफलिंग जेमतेम तीन फुटांचा, अंगानं हलका आणि बहुधा बिनदाढीचा. म्हणजे हा ड्वार्फच.

पेशा ओळखणं अवघड. चिलखत पाहून फायटर म्हणायचा मोह होतो, पण गदा थांबवते. खेळाच्या जुन्या नियमांत क्लेरिकला, म्हणजे पुरोहिताला, धारदार शस्त्रं वर्ज्य होती. तो नियम पुढे गेला, तरी चित्रकारांनी गदा सोडली नाही. तरीही हा पुरावा अपुरा, कारण फायटरही गदा वापरू शकतो. मग ढालीकडे वळावं. तिच्यावर हातोडा आणि ऐरण असेल, तर ते ड्वार्फांचा देव मोरादिन याचं चिन्ह. ते चिन्ह मंत्र म्हणताना धरतात तसं पुढे उगारलेलं असेल, तर मला क्लेरिकबद्दल शंका उरत नाही.

रंगांवर मी सर्वांत कमी विसंबतो. उजळ सोनेरी-पांढरी छटा क्लेरिकला शोभते, तशीच पॅलाडिनलाही. या दोघांत अनुभवी खेळाडूही चकतात.