इंडिकेटरच्या तालावर हलणारं चित्र

पावसाळा संपता संपता मेहुण्याने त्याची नऊ वर्षांची हॅचबॅक आमच्या दारात आणून लावली. "दाजी, जरा बसा आत," म्हणाला आणि त्याने रिव्हर्स टाकला. डॅशबोर्डवरच्या छोट्या मॉनिटरवर आमचं फाटक, पाण्याची टाकी, कुंड्या सगळं व्यवस्थित दिसलं. मग त्याने डावा इंडिकेटर दिला. प्रत्येक टिकटिकीबरोबर चित्राला हिसका बसायचा आणि आडवे पट्टे सरकायचे. इंडिकेटर विझला की पुन्हा सगळं शांत. ब्रेक दाबला तर चित्र फिकं पडायचं. उजव्या इंडिकेटरला मात्र काहीच होत नव्हतं. ज्या दुकानात कॅमेरा बसवला तिथला माणूस म्हणे, "कॅमेरा गेला, नवा टाका."

कॅमेरा गेला नव्हता. जो इंडिकेटरच्या तालावर बिघडतो आणि तोही फक्त डाव्या, तो कॅमेऱ्याचा दोष असू शकत नाही. पण दोष कुठे आहे हे कळायला कॅमेऱ्याला करंट मिळतो कुठून, ते आधी बघावं लागतं.

आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचे सेन्सर सक्तीचे झाले, कॅमेरा नाही. त्यामुळे जुन्या गाड्यांना कॅमेरा बाहेरून बसवून घेतला जातो आणि त्याची जोडणी बहुतेक वेळा रिव्हर्स लाइटच्या वायरवर होते. साध्या गिअरच्या जुन्या गाडीत हे सर्किट अगदी सरळ असतं. किल्ली फिरवली की फ्यूजमधून करंट गिअरबॉक्सवरच्या एका स्विचपर्यंत येऊन थांबतो. रिव्हर्स पडला की तो स्विच दाबला जातो, करंट लांबलचक वायरीने मागे जातो, बल्ब पेटवतो आणि गाडीच्या बॉडीतून बॅटरीकडे परततो. म्हणजे 'रिव्हर्स पडला' ही बातमी डिकीपर्यंत आयती पोचलेली असते. रिव्हर्सचा बल्ब बहुधा २१ वॉटचा, तो जवळपास पावणेदोन अँपिअर खेचतो. छोटा कॅमेरा साधारण एक दशांश अँपिअरवर भागवतो. एवढ्याशा पाहुण्याचा भार त्या वायरीला जाणवतही नाही.

खरं काम ती वायर ओळखण्याचं. मागच्या दिव्याच्या कपलरमध्ये मेहुण्याच्या गाडीत पाच वायरी होत्या: पार्किंग, ब्रेक, इंडिकेटर, रिव्हर्स आणि सगळ्यांची मिळून एक काळी अर्थ. रंगांवर विसंबू नये, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे. हँडब्रेक ओढायचा, चाकाला दगड लावायचा, इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली फिरवायची आणि रिव्हर्स टाकायचा. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून काळं टोक बॉडीच्या रंग नसलेल्या बोल्टला आणि लाल टोक कपलरच्या मागून एकेका वायरीला लावत जायचं. जिथे बारा व्होल्टच्या आसपास आकडा येतो, तिथे थांबून गिअर न्यूट्रल करायला सांगायचं. आकडा शून्यावर आला पाहिजे. घाईत असलेली माणसं इथेच समाधान मानतात. पण अजून दोन गोष्टी तपासायच्या: पार्किंग लाइट लावून आणि ब्रेक दाबूनही तो आकडा शून्यच राहतो का? पार्किंगच्या वायरीवर जोडलेला कॅमेरा रात्रभर प्रवासात चालू राहिलेला मी पाहिलाय.

जोड देताना मूळ वायर तोडायची नाही. सेंटिमीटरभर इन्सुलेशन सोलून नवी वायर तिच्याभोवती गुंडाळायची, सोल्डर करायची, वर नीट आवरण चढवायचं. दोन वायरी चापून धरणारे निळ्या प्लास्टिकचे चिमटे मिळतात, ते दोन मिनिटांत बसतात हे खरं. पण त्यांचं पातं वायरीचे काही पदर कापतं आणि तिथे ओल शिरली की वर्षा-दोन वर्षांत हिरवा गंज चढतो. कोकणातल्या गाडीला तर ते लावूच नयेत. जोडापासून वीतभर अंतरात एक अँपिअरचा फ्यूज घालायचा. डिकीच्या दरवाजाच्या बिजागरीपाशी रबरी नळीतून जाणारी वायर दरवाजा उघडताना दरवेळी वाकते, कधी ना कधी घासून बॉडीला टेकते. तेव्हा उडायचा तर हा छोटा फ्यूज उडावा, गाडीचा नको. गाडीच्या त्या फ्यूजवर रिव्हर्स लाइटखेरीज आणखीही काही अवलंबून असू शकतं.

कॅमेऱ्याची लाल वायर या फ्यूजनंतर, काळी अर्थला, आणि पिवळी पिन व्हिडिओच्या केबलमध्ये. सहाएक मीटरची ही केबल सिलच्या पट्टीखालून डॅशबोर्डपर्यंत येते. तिच्या दोन्ही टोकांना पिवळ्या पिनेच्या बगलेतून एक बारीक लाल वायर डोकावते. हिचं काय करायचं, असं अनेकांना पडतं आणि ती टेप लावून तशीच सोडली जाते. हीच तर कामाची वायर. मागे आलेली बातमी पुढे मॉनिटरला कळवायची तर पुन्हा वेगळी वायर ओढायला नको, म्हणून ती केबलबरोबरच दिलेली असते. मागचं टोक कॅमेऱ्याच्या लाल वायरीशी जोडायचं, पुढचं मॉनिटरच्या 'बॅक' किंवा 'रिव्हर्स' अशी चिठ्ठी असलेल्या वायरीला. मॉनिटरची स्वतःची लाल वायर किल्ली फिरवल्यावरच करंट येतो अशा ठिकाणी द्यायची, उदाहरणार्थ स्टिरिओच्या ॲक्सेसरी वायरीवर. कायम करंट असलेल्या वायरीवर दिली तर गाडी उभी असतानाही मॉनिटर थोडं थोडं पीत बसतो आणि पंधरा दिवसांनी गावाहून आलात की सेल्फ कुरकुरतो.

काही जण एक पळवाट काढतात. मॉनिटरलाही त्याच बारीक लाल वायरीवरून करंट देतात. रिव्हर्स पडला की दोन्ही चालू, काढला की दोन्ही बंद. चालतं. लहान मॉनिटर पाव अँपिअरच्या आसपास घेतो, त्यामुळे आपल्या फ्यूजलाही झेपतं. पण मॉनिटर दरवेळी झोपेतून उठतो आणि स्वस्तातल्या मॉनिटरला त्यासाठी तीन सेकंद लागू शकतात. ताशी दोन किलोमीटरच्या रांगत्या वेगानेही तेवढ्यात गाडी दीड मीटरहून जास्त मागे गेलेली असते. अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या मोटारींना कॅमेरा सक्तीचा आहे आणि तिथल्या नियमानुसार रिव्हर्स पडल्यापासून दोन सेकंदांच्या आत चित्र दिसलं पाहिजे. हा निकष घरच्या जोडणीलाही लावून बघावा.

हे सगळं जुन्या, साध्या गाड्यांचं. नव्या गाड्यांमध्ये मागच्या दिव्यांना करंट देणारा एक छोटा संगणकच असतो. काही गाड्यांत तो करंट सलग न देता वेगाने चालू-बंद करत देतो आणि बल्ब शाबूत आहे की नाही तेही तपासत राहतो. बल्बच्या डोळ्यांना हे कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं: चित्रात सतत बारीक थरथर दिसते. तिथे कॅमेऱ्याला करंट ॲक्सेसरीच्या वायरीवरून रिलेमार्फत द्यायचा आणि रिव्हर्सच्या वायरीने फक्त रिले ओढायचा. तुटक करंटने रिलेही टकटकते, म्हणून तिच्या कॉइलच्या वाटेत एक डायोड आणि मागे कॅपॅसिटर लागतो. हे काम अंगणात बसून करण्यासारखं नाही, आणि वॉरंटीतल्या गाडीला हात लावण्याआधी तर विचारूनच घ्यावं.

मेहुण्याच्या गाडीत असलं काही नव्हतं. डिकीतलं डावीकडचं आवरण काढलं तर जोडणी दिसली: लाल वायर बरोबर रिव्हर्सवर, काळी मात्र कपलरच्याच काळ्या वायरीवर. बसवणाऱ्याला तेच सोयीचं, एका जागी दोन्ही जोड. मी मीटरचं काळं टोक एका स्वच्छ बोल्टला लावलं आणि लाल टोक या काळ्या वायरीला. अर्थची वायर म्हणजे तिथे जवळपास शून्य यायला हवं. नुसत्या रिव्हर्सवर ०.८ व्होल्ट आला. मेहुण्याला ब्रेक दाबायला सांगितला, दीडच्या वर गेला. डावा इंडिकेटर दिला तेव्हा आकडा दोनच्या पुढे जाऊन टिकटिकीबरोबर खालीवर नाचायला लागला.

डाव्या बाजूच्या चारही दिव्यांचा करंट या एका काळ्या वायरीने परततो आणि ती जिथे बॉडीला बोल्टने आवळलेली असते तिथे गंज धरला होता. वाट अरुंद झाली की करंट दुसरी वाट शोधतो, आणि दुकानदाराने ती करून ठेवली होती: कॅमेऱ्याची काळी वायर, तिथून व्हिडिओ केबलची बाहेरची जाळी, तिथून पुढे मॉनिटरची अर्थ. ब्रेकच्या आणि इंडिकेटरच्या बल्बचा थोडा करंट या केसाएवढ्या जाळीतून डॅशबोर्डपर्यंत जाऊन परतत होता. आता कॅमेऱ्याकडून येणारं सगळं चित्र, अगदी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत, जेमतेम एका व्होल्टच्या चढउतारात बसवलेलं असतं. ज्या जाळीला मॉनिटर शून्य समजतो, तीच पाऊणएक व्होल्टने वरखाली व्हायला लागली तर चित्र जाग्यावर राहणार कसं? उजव्या दिव्यांची अर्थ वेगळ्या बोल्टवर असते, म्हणून उजव्या इंडिकेटरने काही होत नव्हतं. नवा कॅमेरा घातला असता तर तोही असाच नाचला असता.

दहा नंबरच्या पान्याने बोल्ट सोडवला. वायरीच्या टोकाची पितळी रिंग काळीठिक्कर, खाली बॉडीवर तांबूस पूड. पॉलिश पेपरने दोन्ही चकचकीत होईपर्यंत घासलं, बोल्ट आवळला, वर ओल धरू नये म्हणून ग्रीसचा हात फिरवला. कॅमेऱ्याची काळी वायर कपलरवरून काढून तिला वीतभर अंतरावर स्वतःचा वेगळा बोल्ट दिला. पुन्हा मीटर लावला: रिव्हर्स, ब्रेक, इंडिकेटर, पार्किंग, सगळं एकदम चालू असताना ०.०६ व्होल्ट. मॉनिटरवर फाटक जागच्या जागी.

मेहुणा थोडा वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "आणि उजवीकडे?" उजवीकडचं आवरण काढून मीटर लावला. ०.३ निघाला. तोही बोल्ट सोडवला.