सावत्र मुलाचा वाटा

मुले असलेल्या घटस्फोटितेशी लग्न ठरवणाऱ्या सोबत्याला आम्ही प्रथम विचारतो, “पोराचं काय ठरवलंस?” तो म्हणतो, “माझंच मानणार.” पण मानणे निराळे आणि कायद्याने होणे निराळे.

वाळूजच्या आमच्या एका सोबत्याने असा मुलगा दहा वर्षे वाढवला. मागाहून त्यांना मुलगी झाली. सोबती मृत्युपत्र न करताच वारला. हिंदू, बौद्ध, जैनांना लागू असलेल्या १९५६ च्या वारसा कायद्याने त्याच्या घराचे तीन सारखे वाटे झाले : आई, पत्नी आणि मुलगी. या कायद्यातल्या ‘मुलगा’ शब्दात सावत्र मुलगा येत नाही. “माझं काय चुकलं?” असे त्या पोराने विचारले, तेव्हा आम्हांला उत्तर सुचेना.

सख्ख्या बापाशी असलेले नाते मात्र घटस्फोटाने तुटत नाही. आईने पुन्हा लग्न केले, तरी मुलाचा पोटगीचा आणि वारसाचा हक्क त्याच्याकडे राहतो. म्हणून त्याच्या भेटी बंद पाडू नयेत. मुलादेखत त्याला नावे ठेवू नयेत.

मुलाला दत्तक घेतले तर तो आपला वारस होतो. पण त्याला साधारणतः त्या बापाची संमती लागते आणि तिकडचा वारसा सुटतो. त्यापेक्षा सोपी वाट म्हणजे, दोन साक्षीदारांसमोर सही करून स्वकष्टाच्या मिळकतीचे मृत्युपत्र करावे. ते लग्नाच्या वर्षीच करावे.