सकाळचा पाय, संध्याकाळचा पाय

सूज दिवसाच्या कोणत्या वेळी दिसते, हा प्रश्न बालरोगतज्ज्ञाच्या अंगवळणी पडलेला असतो. मूल सकाळी उठते तेव्हा त्याचे डोळे सुजलेले असतात आणि दुपारपर्यंत ती सूज ओसरते, एवढे आईच्या तोंडून ऐकले की आपण प्रथम लघवीतील प्रथिने तपासतो. रात्रभर आडवे पडलेल्या देहात पाणी चेहऱ्याच्या सैल त्वचेत साचते आणि मूल उभे राहिले की तेच पाणी खाली उतरते. पायाच्या शिरांचा विकार असलेल्या प्रौढ माणसाची तऱ्हा याच्या उलट असते. त्याचा पाय सकाळी हलका असतो व संध्याकाळी जड होतो. पायाचे माप बारा तासांत दोन सेंटिमीटरने बदलत असेल, तर त्यावर बसवायच्या दाबमोज्याचे माप नेमके केव्हाचे घ्यावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

दाबमोजे, म्हणजे ज्यांना आपण व्यवहारात कॉम्प्रेशन स्टॉकिंग म्हणतो, ते आपल्या भागात बहुधा औषधाच्या दुकानातून ‘मीडियम द्या’ किंवा ‘लार्ज द्या’ एवढ्या संभाषणावर विकले जातात. चिठ्ठीवर डॉक्टरांनी फक्त ‘स्टॉकिंग’ असे लिहिलेले असते. रुग्ण औराद, भालकी किंवा आळंदहून बसने आलेला असतो. दोन-तीन तास पाय लोंबकळत ठेवून तो बसलेला असतो आणि दुपारी बाराच्या सुमारास दुकानदार त्याच्या पायाला टेप लावतो. हे माप प्रामाणिकपणे घेतलेले असते, पण ते सुजेचे माप असते, पायाचे नव्हे.

मोजा काम कसा करतो हे पाहिले म्हणजे या फरकाचे मोल कळते. उभे असताना घोट्यापाशी शिरांतील दाब ८० ते ९० मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. निरोगी माणसात चालताना पोटरीचा स्नायू पंपासारखे काम करून तो उतरवतो. शिरांच्या झडपा निकामी झाल्या की तो पुरेसा उतरत नाही व पाणी ऊतींत झिरपते. मोजा बाहेरून दाब देऊन या झिरपण्याला विरोध करतो. हा दाब घोट्यापाशी सर्वांत जास्त व वर पोटरीकडे कमी होत जाणारा हवा. जर्मन प्रमाणानुसार पहिल्या वर्गात घोट्यावरील दाब १८ ते २१ आणि दुसऱ्या वर्गात २३ ते ३२ मिलिमीटर पारा असतो. मात्र पुडक्यावर छापलेला हा दाब मोज्यात साठवलेला नसतो. कापड पायावर जेवढे ताणले जाते, त्यातून तो निर्माण होतो. लाप्लासच्या नियमाप्रमाणे ताण जितका अधिक तितका दाब अधिक, आणि त्रिज्या जितकी मोठी तितका दाब कमी. म्हणून माप चुकले की वर्गही चुकतो.

एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. बाळाच्या लसीकरणाला येणारी एक चौतीस वर्षांची शिक्षिका आहे, असे समजा. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिच्या उजव्या पायाच्या शिरा फुगल्या आहेत व वर्गात दिवसभर उभे राहिल्यावर घोटा सुजतो. सकाळी अंथरुणात घेतलेले तिचे माप घोट्याला २२ व पोटरीला ३६ सेंटिमीटर आहे. संध्याकाळी तेच माप २४.५ व ३८.५ भरते. एखाद्या नमुन्याच्या तक्त्यात मध्यम आकारासाठी घोटा २१ ते २४ व पोटरी ३३ ते ३९, आणि मोठ्या आकारासाठी घोटा २४ ते २७ व पोटरी ३७ ते ४३ असे दिलेले असेल. प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा असतो, तेव्हा हे आकडे केवळ समजुतीसाठी आहेत. सकाळच्या मापाने तिला मध्यम मोजा मिळतो, तर संध्याकाळच्या मापाने मोठा.

आता तो मोठा मोजा तिने सकाळी चढवला, तर काय होईल? समजा, न ताणलेल्या स्थितीत त्या मोज्याचा घोट्याजवळचा घेर १७ सेंटिमीटर आहे आणि २५.५ सेंटिमीटरच्या घोट्यावर तो २७ मिलिमीटर दाब देतो. तेथे कापड साडेआठ सेंटिमीटर ताणले जाते. तिच्या २२ सेंटिमीटरच्या घोट्यावर ते फक्त पाच सेंटिमीटर ताणले जाईल, म्हणजे ताण सुमारे ५९ टक्केच उरला. घोटा बारीक असल्याने थोडा दाब परत मिळतो, पण हिशेब शेवटी १८ मिलिमीटरवर येऊन थांबतो. प्रत्यक्षात कापडाचा ताण इतका सरळ प्रमाणात वाढत नाही, तरीही दिशा हीच असते. पैसे दुसऱ्या वर्गाचे दिले आणि पायाला पहिला वर्ग मिळाला. सकाळी सैल बसलेला मोजा दिवसभर घसरत राहतो, घोट्याच्या पुढे किंवा गुडघ्याच्या मागे त्याच्या घड्या पडतात आणि जेथे कापड दुहेरी होते तेथे दाब वाढतो. वर दाब जास्त व खाली कमी, अशी उलटी रचना झाली की मोजा सूज रोखण्याऐवजी दोरीसारखा आवळतो. संध्याकाळी रुग्ण म्हणतो, ‘डॉक्टरसाहेब, मोज्यानेच पाय सुजला.’ त्याचे म्हणणे खरे असते.

तेव्हा माप सकाळी, पाय जमिनीला टेकवण्यापूर्वीच घ्यावे. ते शक्य नसेल तर उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत घ्यावे. दूरच्या रुग्णाला हे घरीच करायला शिकवणे सोयीचे, कारण घरातील सून किंवा मुलगा हे काम सहज करू शकतो. टेप शिंप्याचा चालतो, पण जुना टेप ताणून लांबलेला असतो. म्हणून तो एकदा पोलादी पट्टीशी ताडून पाहावा. बाळाच्या डोक्याचा घेर मोजताना आपण जी काळजी घेतो तीच येथे घ्यायची असते: टेप त्वचेला सर्व बाजूंनी टेकावा, पण रुतू नये. पहिले माप घोट्याच्या हाडाच्या वर, जेथे पाय सर्वांत बारीक असतो तेथील. दुसरे पोटरीच्या सर्वांत जाड भागाचे. ही दोन्ही मापे पाय आडवा असतानाच घ्यावीत. त्यानंतर उभे राहून टाचेखालच्या जमिनीपासून गुडघ्याच्या मागील घडीच्या दोन बोटे खालपर्यंतची लांबी मोजावी. दोन्ही पाय वेगवेगळे मोजावेत, प्रत्येक माप दोनदा घ्यावे, आणि दोहोंत अर्ध्या सेंटिमीटरहून अधिक फरक आला तर तिसऱ्यांदा घ्यावे. आकडे सेंटिमीटरमध्ये लिहावेत व शेजारी वेळ लिहावी. वेळेशिवाय लिहिलेले माप अपुरे असते.

घोटा एका आकारात व पोटरी दुसऱ्या आकारात बसते, असे पुष्कळदा घडते. अशा वेळी पोटरीच्या सोयीसाठी मोठा आकार घेण्याचा मोह होतो. पण दाबाची व्याख्या घोट्याशी केलेली असते, म्हणून निर्णय घोट्यावरून करावा. पोटरी तक्त्याबाहेर जात असेल तर रुंद पोटरीचा प्रकार मागवावा किंवा मापाने शिवून घ्यावा.

आपल्या सीमाभागात या सकाळ-संध्याकाळच्या मापांना आणखी एक अर्थ आहे. बीदर व कलबुर्गी हे हत्तीपायाच्या रोगाचे जिल्हे आहेत. येथे डासांमार्फत होणारा फायलेरियाचा संसर्ग बहुधा बालपणीच जडतो, आणि पायाची सूज पुढे किशोरवयात किंवा तरुणपणी दिसू लागते. ब्राझीलमधील डॉ. जेरुझा ड्रेयर यांनी या सुजेच्या सात पायऱ्या मांडल्या आहेत. पहिल्या पायरीत सूज रात्रभराच्या विश्रांतीने उतरते. दुसऱ्या पायरीत ती उतरत नाही. या दोन पायऱ्यांमधील भेद ओळखायला कोणतेही यंत्र लागत नाही. निजण्यापूर्वी व उठल्याबरोबर त्याच ठिकाणी टेप लावला की पुरे. एकाच पायाला सूज असलेला पंधरा वर्षांचा मुलगा तपासणीला आला, तर ही दोन मापे तीन-चार दिवस घरी लिहून आणायला सांगावीत.

पहिल्या पायरीत सकाळचे माप हेच मोज्याचे माप. दुसऱ्या व पुढच्या पायऱ्यांत मात्र सकाळचा पायही सुजलेलाच असतो, आणि त्यावर घेतलेले माप पुन्हा सुजेचेच ठरते. तेथे आधी पाय उंच ठेवणे, व्यायाम व रोज थर देऊन बांधलेले बँडेज यांनी घेर कमी करावा लागतो. सलग काही दिवस सकाळचा आकडा एकाच जागी स्थिरावला, की त्या दिवशी मोज्याचे माप घ्यावे. त्याआधी आणलेला मोजा पंधरवड्यात ढिला होतो. त्वचेच्या खोल घड्या पडलेल्या पायाला तयार मोजा बहुधा निरुपयोगीच असतो. तेथे रोज साबण-पाण्याने पाय धुणे, बोटांमधील जागा कोरडी ठेवणे व भेगांवर मलम लावणे हाच मुख्य उपचार राहतो, कारण वारंवार येणारा ताप व लाली याच भेगांतून शिरणाऱ्या जंतूंमुळे असते.

माप अचूक असले तरी काही पायांना मोजा देऊ नये. धमन्यांचा रक्तपुरवठा आधीच अपुरा असेल, तर बाहेरचा दाब बोटे गमावण्यास कारण होऊ शकतो. म्हणून पावलावरची नाडी चाचपावी, आणि शंका असल्यास घोटा व दंड यांच्या रक्तदाबांचे गुणोत्तर काढावे. ते ०.८ हून कमी असल्यास तज्ज्ञाला विचारल्याशिवाय मोजा देऊ नये. मधुमेहींत धमन्या कठीण झाल्याने हे गुणोत्तर फसवे मोठे येते, आणि बधिर पायाला आवळल्याची जाणीवही होत नाही. दोन्ही पाय सारखे सुजत असतील तर टेप हाती घेण्यापूर्वी हृदय, मूत्रपिंड व यकृत पाहावे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयात घालतात ते पांढरे मोजे अंथरुणावरील रुग्णासाठी असतात. घरी नेऊन दिवसभर चालणाऱ्याने ते वापरणे योग्य नाही.

मोजा अंथरुणातच, पाय खाली सोडण्यापूर्वी चढवावा, म्हणजे ज्या पायाचे माप घेतले तोच पाय मोज्यात जातो. रात्री तो काढावा. पहिल्या आठवड्यात बोटे निळसर पडणे, मुंग्या येणे, वरच्या काठाशी खोल वळ उठणे किंवा मोजा घसरणे यांपैकी काही दिसले तर माप पुन्हा पाहावे. रोजच्या वापराने कापडाचा ताण चार ते सहा महिन्यांत उतरतो, तेव्हा नवा मोजा आणताना जुन्या पुडक्यावरचा आकार न सांगता नवे माप घ्यावे. वाढत्या वयाच्या मुलांत तर प्रत्येक वेळी घ्यावेच लागते. चिठ्ठीवर चार गोष्टी असाव्यात: दाबाचा वर्ग, घोट्याचा घेर, पोटरीचा घेर आणि माप घेतल्याची वेळ. दुकानदार मग कोणता आकार हवा हे विचारणार नाही. तो तक्ता पाहील.