दुधाचा जमाखर्च : दुभंगलेल्या टाळूच्या बाळाचे पोषण

बाळ स्तनाला तोंड लावते, जबडा हलवते, चोखल्यासारखा आवाजही येतो. तासभर हा प्रयत्न चालतो आणि दमलेले बाळ झोपी जाते. अर्ध्या तासाने ते पुन्हा भुकेने रडू लागते. मधूनच त्याच्या नाकपुडीतून दुधाचा थेंब ओघळतो. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, “आईलाच दूध कमी असेल.” वस्तुतः दूध पुरेसे असते. ते बाळाच्या पोटापर्यंत पोचत नसते.

येथे टाळू म्हणजे डोक्यावरची मऊ टाळू नव्हे, तर तोंडाचे छत. हे छत गर्भावस्थेत दोन्ही बाजूंनी जुळून येते. ते जुळण्याचे राहिले म्हणजे तोंड व नाक यांच्यामध्ये फट उरते. ओठ दुभंगलेला असेल तर ते जन्मतःच दिसते. मात्र केवळ मागची मऊ टाळू दुभंगलेली असेल तर बाळ वरवर निरोगी भासते आणि फट नजरेतून सुटू शकते. म्हणूनच प्रत्येक नवजात बाळाची जीभ दाबून, विजेरीच्या प्रकाशात पडजिभेपर्यंत टाळू पाहणे आवश्यक असते.

दूध ओढण्यासाठी बाळाला तोंडात निर्वात पोकळी निर्माण करावी लागते. शहाळ्यातील पाणी चिरलेल्या नळीने ओढून पाहिले, तर पाण्याऐवजी हवाच तोंडात येते. दुभंगलेल्या टाळूच्या बाळाची नेमकी हीच अडचण असते. त्याची भूक, जबड्याची शक्ती आणि गिळण्याची क्रिया बहुधा ठीक असते. उणीव असते ती ओढीची. केवळ ओठ दुभंगलेले बाळ पुष्कळदा स्तनपान करू शकते. टाळू दुभंगलेली असल्यास मात्र केवळ स्तनपानावर पोट भरणे बहुतेक बाळांना साधत नाही. त्यांना आईचेच दूध पिळून काढून अन्य मार्गाने द्यावे लागते.

एका बाळाची नोंद

अशा अनेक घरांत जे घडते, त्याचा नमुना म्हणून एक बाळ डोळ्यांसमोर आणू. जन्मतः त्याचे वजन २ किलो ९०० ग्रॅम होते. पहिल्या काही दिवसांत प्रत्येक बाळाचे वजन थोडे घटते, परंतु दोन आठवड्यांच्या आत ते जन्मवजनापर्यंत परत यावयास हवे. या बाळाचे वजन चौदाव्या दिवशी २ किलो ७६० ग्रॅमच भरले. दिवसाकाठी चारच लंगोट ओले होत होते. या वयात ते किमान सहा हवेत. डॉक्टरांनी विजेरीने तपासले, तेव्हा मऊ टाळू दुभंगलेली आणि पडजीभ दोन भागांत विभागलेली आढळली.

या वयाच्या बाळाला दिवसाकाठी दर किलो वजनामागे सुमारे १५० मिलिलिटर दूध लागते. या हिशेबाने आपल्या बाळाची गरज सुमारे ४१५ मिलिलिटर होते. दिवसरात्र मिळून आठ वेळा पाजावयाचे म्हटले, तर एका वेळी ५० मिलिलिटरच्या आसपास. वजन वाढेल तसा हा हिशेब पुन्हा करावा लागतो. आईलाही दिवसातून आठ वेळा दूध काढावे लागते, अन्यथा दूध हळूहळू आटते. काढलेले दूध स्वच्छ, झाकलेल्या भांड्यात सामान्य तापमानाला चार तासांपर्यंत टिकते. कडक उन्हाळ्यात ते त्याहून लवकर वापरावे. पोट भरल्यानंतर बाळाला मायेसाठी स्तनाशी धरण्यास काहीच हरकत नाही.

साधन कोणते?

साधन निवडताना एकच प्रश्न विचारावा : ओढ नसलेल्या या बाळापर्यंत दूध कसे पोचणार? त्याचे एक उत्तर म्हणजे बोटांनी दाबता येणारी मऊ बाटली. येथे ओढीचे काम पाजणाऱ्याचा हात करतो. बाळाने चोखले की हलकेच दाबावे, ते थांबले की सोडावे. सतत दाबत राहिल्यास बाळाला श्वास घेण्यास उसंत मिळत नाही. दुसरे उत्तर म्हणजे निपलच्या मागे एकदिशा झडप असलेली बाटली. निपलमध्ये आलेले दूध ही झडप मागे जाऊ देत नाही, त्यामुळे बाळाने हिरड्या व जीभ यांनी निपल नुसते दाबले तरी दूध तोंडात येते. ब्रिटनमधील मँडी हॅबरमन यांच्या १९८० मध्ये जन्मलेल्या मुलीला दूध ओढता येत नव्हते. तिच्यासाठी आईने केलेल्या खटपटीतूनच अशा साधनांपैकी एक जगाला मिळाले.

ही दोन्ही साधने मिळत नसतील, किंवा बाटली रोज उकळून निर्जंतुक करणे शक्य नसेल, तर वाटी-चमचा अथवा आपल्याकडील जुने बोंडले उपयोगी पडते. ते स्वच्छ करणे सोपे असते. मात्र दूध तोंडात ओतू नये. ओठांशी टेकवून थोडे थोडे द्यावे.

एक चूक सर्रास घडते. साध्या बाटलीने दूध येत नाही म्हणून तापवलेल्या सुईने निपलचे भोक मोठे केले जाते. मग दूध बाळाच्या लयीने न येता धारेने कोसळते, बाळ ठसकते आणि दूध श्वासनलिकेत जाण्याचा धोका उद्भवतो. बाटली उलटी धरली असता दूध थेंबाथेंबाने यावे. त्याची धार लागली, तर ते निपल वापरू नये.

बसवून पाजावे

बाळाला आडवे ठेवून पाजले तर दूध फटीतून सहज नाकात शिरते. म्हणून बाळाला जवळजवळ बसते धरावे. डोके व मान एका रेषेत, पोटाहून उंच आणि हाताच्या आधाराने स्थिर असावी. त्यामुळे दूध घशाकडे उतरते. निपल फटीत न घालता, टाळूचा जो भाग अखंड असेल त्याखाली, जिभेवर ठेवावे. ही बाळे दुधाबरोबर बरीच हवा गिळतात, म्हणून मधे दोन-तीन वेळा थांबून ढेकर काढावी. नाकातून थोडे दूध आले तर घाबरण्याचे कारण नाही. निपल बाजूला घ्यावे, बाळाला शिंकू द्यावे, नाक पुसावे आणि पुन्हा सुरुवात करावी.

आता प्रश्न उरतो वेळेचा, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. एका वेळचे पाजणे ३० मिनिटांत आटोपावयास हवे. पिणे हेही बाळाचे श्रमाचे काम आहे. तासभर चाललेल्या पाजण्यात जेवढी शक्ती जमा होते, तिचा मोठा भाग त्याच श्रमात खर्ची पडतो. दूध पोटात गेले तरी वजन का वाढत नाही, याचे उत्तर अनेकदा घड्याळात सापडते.

वहीने सांगितलेले

आपल्या नमुन्यातील बाळासाठी दाबता येणारी बाटली निवडण्यात आली आणि एक साधी वही घालण्यात आली. तीत सहा रकाने होते : वेळ, किती दूध घेतले, किती मिनिटे लागली, नाकातून आले काय, लंगोट ओला झाला काय आणि कोणी पाजले. सतराव्या दिवशी वजन २ किलो ८३० ग्रॅम झाले, तर एकविसाव्या दिवशी २ किलो ९३०. पहिल्या तीन महिन्यांत दररोज २० ते ३० ग्रॅम वाढ अपेक्षित असते. ती मिळू लागली होती.

अठ्ठाविसाव्या दिवशी मात्र वजन २ किलो ९९० ग्रॅमच भरले. सात दिवसांत केवळ ६० ग्रॅम, म्हणजे दिवसाला नऊही नाहीत. आईच्या म्हणण्याप्रमाणे सर्व काही पूर्वीसारखेच चालले होते. वही काही वेगळे सांगत होती. रात्री व सकाळी आई पाच वेळा पाजत असे. दर वेळी ५५ मिलिलिटर आणि २५ मिनिटे. दुपारच्या तीन वेळांना मात्र ३५ ते ४० मिलिलिटरच दूध गेले होते, ४५ मिनिटे लागली होती आणि ‘नाकातून’ या रकान्यात प्रत्येक वेळी खूण होती. दिवसाची बेरीज ३८५ मिलिलिटर होत होती. गरज होती ४४० ची. शेवटच्या रकान्यात या तिन्ही वेळांपुढे ‘आजी’ असे लिहिलेले होते. आईला विश्रांती मिळावी म्हणून आजींनी त्या आठवड्यापासून दुपारचे काम घेतले होते आणि आपली मुले जशी वाढवली तसेच त्या नातवाला पायांवर आडवे घेऊन पाजत होत्या.

डॉक्टरांनी आजींनाच समोर बसवून बाळाला उभे धरून पाजावयास लावले. “असे धरले की ठसकत नाही हो,” त्या म्हणाल्या. पस्तिसाव्या दिवशी वजन ३ किलो १८० ग्रॅम झाले. दिवसाला २७ ग्रॅम वाढ. बाटली तीच होती, दूधही तेच. बदलला होता तो केवळ बाळाला धरण्याचा कोन, आणि तो शोधून दिला तो वहीने.

वजनाच्या नोंदीलाही शिस्त हवी. काटा एकच असावा, बाळ कपड्यांविना असावे आणि वजन पाजण्यापूर्वी करावे. अन्यथा लंगोटाचे व दुधाचे वजन वाढ म्हणून नोंदले जाते. वाढ स्थिर होईपर्यंत आठवड्यातून एकदा तरी वजन घ्यावे. लांबी व डोक्याचा घेर महिन्याने मोजावा. आकडे माता-बाल संरक्षण पुस्तिकेतील वाढीच्या आलेखावर उतरवावेत. मुलगा व मुलगी यांचे आलेख वेगळे असतात. एका बिंदूपेक्षा रेषेचा कल पाहावा : ती आडवी झाली किंवा खाली वळली, तर पुढील तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

काही लक्षणे वहीत लिहून थांबण्याची नसतात. पिताना ओठ निळसर होणे, वारंवार ठसका लागणे, श्वासात घरघर येणे, किंवा बाळ एकाएकी मलूल होणे, यांपैकी काहीही दिसल्यास पाजणे तत्काळ थांबवून रुग्णालय गाठावे. ज्या बाळाचा खालचा जबडा फार लहान आहे आणि उताणे निजवल्यास ज्याला श्वास घेणे जड जाते, त्याची गोष्ट वेगळीच असते. वरील पद्धत घरी वापरण्यापूर्वी अशा बाळाच्या श्वासाची तपासणी तज्ज्ञांकडून झालीच पाहिजे.

शस्त्रक्रियेपर्यंतची वाट

टाळूची शस्त्रक्रिया साधारणपणे ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान करतात. अशक्त बाळाला भूल देणे जोखमीचे असते, त्यामुळे वजन मागे पडले की शस्त्रक्रियेची तारीखही मागे पडू शकते. सहा महिने पूर्ण झाल्यावर इतर बाळांप्रमाणेच वरचे अन्न सुरू करावे, बसवून, चमच्याने. शस्त्रक्रियेनंतर पुष्कळ शल्यचिकित्सक काही काळ निपल देऊ देत नाहीत, म्हणून वाटीने पिण्याची सवय आधीच लावलेली बरी. या बाळांच्या मधल्या कानात पाणी साचण्याचे प्रमाण अधिक असल्याने श्रवणतपासणीही करून घ्यावी.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथे झाला. दुभंगलेले ओठ व टाळू यांचा समावेश त्याच्या यादीत आहे. त्यातून बाळाला शासकीय खर्चाने उपचार मिळू शकतात. आशा कार्यकर्ती, अंगणवाडी किंवा जिल्हा रुग्णालय येथून त्यासाठी पुढे पाठविले जाते. तेथे जाताना जन्माची नोंद, रुग्णालयातून मिळालेले कार्ड आणि वाढीचा आलेख यांच्याबरोबर ती सहा रकान्यांची वहीही न्यावी. बाळ कसे पिते, हे नव्या डॉक्टरांना पाच मिनिटांत समजावयाचे असेल, तर त्या वहीइतका नेमका कागद दुसरा नसतो.